सोसायटीची सूचना आणि पुण्याच्या तीन पेठा: अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ कसे ठरवायचे

आमच्या सोसायटीचा नवा सचिव तिशीतला आहे. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले, मराठी बोलतो अगदी स्वच्छ, पण लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नव्हती. सचिव झाल्यावर फलकावर लावायची पहिली सूचना त्याने लिहिली आणि माझ्याकडे घेऊन आला. "काकू, जरा तपासून देता का? मला वाटतं ठीक आहे, पण खात्री नाही." मी अनेक वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, हे त्याला ठाऊक होते. त्याने आणलेला मजकूर असा होता:

"सुचना. सर्व सभासदाना कळविण्यात येते कि जलवाहिनीच्या दुरूस्तीसाठी येत्या गुरूवारी सकाळी ९ वाजल्यापासुन पाणीपुरवठा बंद राहिल. तरी सर्व रहिवाश्यानी पाणि जपुन वापरावे. ज्या सभासदाचे देखभाल शुल्क थकित आहे त्यानी ते पंधरा दिवसात सचीवांकडे भरावे."

यात पंधरा शब्द चुकले आहेत. पाच ठिकाणी प्रश्न अनुस्वाराचा आहे आणि दहा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाचा. त्यातल्या बहुतेक चुका एकाच जागी होतात. मूळ शब्द त्याला येतो, पण त्या शब्दाला पुढे काही जोडले की त्याचे रूप कसे बदलते, तिथे हात अडतो. म्हणून अठरा नियम पाठ करायला न सांगता मी त्याला एक क्रम सांगितला. शब्द आधी सुटा करायचा, मग त्याला काय जोडले आहे ते पाहायचे. त्या संध्याकाळी आम्ही हीच सूचना घेऊन बसलो. तो क्रम इथे मांडते.

नियम अठरा आहेत ते असे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२मध्ये चौदा नियम केले आणि १९७२मध्ये त्यांत चारांची भर घातली. शाळेत, सरकारी कामकाजात आणि छापखान्यात आज हेच नियम चालतात. सूचना, अर्ज, पत्र लिहिणाऱ्याला त्यांपैकी रोज लागतात ते पाच-सहाच.

पहिली पायरी अनुस्वाराची. अनुस्वार दोन कारणांनी येतो. एक कारण उच्चाराचे. पंधरा, आंबा, संबंध, चिंच या शब्दांत नाकातला आवाज स्पष्ट ऐकू येतो, म्हणून टिंब द्यायचे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत पंडित ऐवजी पण्डित लिहिलेले चालते, पण रोजच्या लेखनात त्याची गरज पडत नाही. सगळीकडे टिंब द्यावे आणि पुढे जावे. य, र, ल, व, श, स, ह यांच्याआधी तर टिंबच येते: संयम, संरक्षण, संस्था, सिंहगड. इथे नवख्या माणसाचे सहसा चुकत नाही, कारण कान मदत करतो.

दुसरे कारण व्याकरणाचे आहे आणि चुका होतात त्या इथे. नाम किंवा सर्वनाम अनेकवचनी असेल आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले असेल, तर जोडाच्या आधीच्या अक्षरावर टिंब येते. लोक, लोकांना. गाड्या, गाड्यांसाठी. महिला, महिलांबाबत. बोलताना हे टिंब इतके पुसट होते की कान काहीच सांगत नाही. 'सभासदाना' असे लिहिणाऱ्याला आपण बरोबर ऐकले असेच वाटत असते.

यावर एक खूण आहे. 'ना' आणि 'नी' हे प्रत्यय फक्त अनेकवचनाचे आहेत. एकाला 'ला' लागतो, अनेकांना 'ना'. एकाला 'ने' लागतो, अनेकांना 'नी'. त्यामुळे नामाला किंवा सर्वनामाला 'ना' किंवा 'नी' जोडलेला दिसला की आधीच्या अक्षरावर टिंब द्यायचेच: सभासदांना, त्यांनी, मुलींना, भाडेकरूंनी. फक्त एवढे पाहावे की तो 'नी' खरोखर प्रत्ययच आहे. 'स्थानी' या शब्दात मूळ शब्द 'स्थान' आणि त्याला 'ई' लागलेली, तिथे 'नी' प्रत्यय नाही, म्हणून टिंबही नाही.

आदराने बोलतो तेव्हा माणूस एक असला तरी वचन अनेकच धरतात. म्हणून सोसायटीला अध्यक्ष एकच असले तरी 'अध्यक्षांनी सांगितले', 'सचिवांकडे द्यावे' असेच लिहायचे. 'आपणांस', 'तुम्हांला', 'आम्हांला' यांवरही नियमाने टिंब आहे. वर्तमानपत्रांत 'तुम्हाला', 'आम्हाला' सर्रास दिसते आणि पुष्कळ संपादकांना ते चालते. मी मात्र औपचारिक पत्रात टिंब देते, कारण नियम तसा आहे आणि सगळ्या अनेकवचनांना एकच न्याय लावला की विचार करावा लागत नाही.

'चा', 'त', 'साठी', 'कडे', 'वर' जोडलेल्या शब्दांत जास्त जपावे लागते. हे एकवचनालाही लागतात आणि अनेकवचनालाही, त्यामुळे 'सभासदाचे' आणि 'सभासदांचे' ही दोन्ही रूपे शुद्धच आहेत. फरक अर्थाचा आहे. आपल्या सूचनेत 'ज्या सभासदाचे शुल्क थकीत आहे त्यांनी' असे होते. 'ज्या' हा शब्द एकासाठीही चालतो आणि अनेकांसाठीही, त्यामुळे त्याच्यावरून काही कळत नाही. पुढचा 'त्यांनी' मात्र सांगतो की सभासद अनेक आहेत, म्हणजे तिथे 'सभासदांचे' हवे. सचिवाला मी विचारले, "शुल्क एकाचेच थकले आहे की अनेकांचे?" तो म्हणाला, "सात जणांचं." अशा वेळी टिंब विसरले तर एका कोणावर तरी बोट ठेवल्यासारखे वाचले जाते. फलकावर लावायच्या मजकुरात हे अगदी टाळावे.

याच जातीची आणखी एक जागा म्हणजे मुदत. पंधरा दिवसांत, तीन महिन्यांत, दोन वर्षांत. दिवस एकाहून अधिक असले की टिंब आलेच. 'एका महिन्यात', पण 'दोन महिन्यांत'. 'पाचशे रुपयांचा धनादेश', 'सात दिवसांच्या आत' हेही तसेच. अर्ज आणि नोटिसा यांत सर्वांत जास्त गळणारे टिंब कोणते, असे कोणी विचारले तर मी या मुदतीच्या टिंबाकडे बोट दाखवीन. मागे आकडा आहे का तेवढे पाहावे. आकडा एकाहून मोठा असेल तर टिंब.

आणि जिथे ही दोन्ही कारणे नाहीत तिथे टिंब द्यायचे नाही. नाव, काही, पाच, नाही, येथे, जेव्हा, केले, करावे. १९६२च्या आधीच्या पुस्तकांत आणि जुन्या खरेदीखतांत 'नांव', 'कांहीं', 'केलें' असे दिसते. शब्दाच्या पूर्वीच्या रूपाची आठवण म्हणून ते टिंब ठेवलेले असे, उच्चारात ते नव्हतेच. नव्या नियमांनी ते काढून टाकले. घरातले आजी-आजोबा अजून 'नांव' लिहीत असतील तर ते त्यांच्या शाळेत शिकवलेले आहे, त्यांना अशुद्ध म्हणू नये, पण आपण आता 'नाव' लिहावे. बोलण्यातल्या 'केलं', 'झालं', 'पाणी भरलं' यांवर टिंब देतात, पण ती रूपे गोष्टीतल्या संवादात शोभतात. सूचनेत 'केले', 'झाले', 'भरले'.

आता ऱ्हस्व-दीर्घ. याची पहिली पायरी शब्दाच्या शेवटाची, आणि ती सोपी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की तो दीर्घ लिहायचा. पाणी, सोसायटी, भाडेकरू, समिती, निधी, गुरू, व्यक्ती. यांतले समिती, निधी, गुरू हे शब्द संस्कृतात ऱ्हस्व आहेत, पण मराठीत सुटे आले की दीर्घ. 'की' दीर्घ. ऱ्हस्व राहतात ती 'आणि', 'नि' आणि संस्कृतातून आलेली अव्यये: परंतु, तथापि, अति, प्रति. 'इत्यादी' दीर्घ. म्हणून सूचनेतले 'कि' आणि 'पाणि' दोन्ही चुकले. 'पाणि' हा शब्द संस्कृतात आहे, पण त्याचा अर्थ हात. 'पाणिग्रहण' म्हणजे लग्नात हात धरणे. सचिवाने रहिवाशांना हात जपून वापरायला सांगितले होते.

दुसरी पायरी शेवटून दुसऱ्या अक्षराची, म्हणजे उपान्त्य अक्षराची. इथे मराठी शब्द आणि संस्कृतातून न बदलता आलेला शब्द, म्हणजे तत्सम शब्द, यांची वाट वेगळी होते. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इ-उ दीर्घ: वीट, पूल, दूध, वीज, वकील, जमीन, पोलीस, थकीत. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इ-उ ऱ्हस्व: किडा, पाहुणा, महिना, तालुका, वकिली, दुरुस्ती.

याचे कारण तोंडातच आहे. 'वीट' म्हणताना शेवटच्या ट मधला अ जवळजवळ उच्चारला जात नाही, सगळा भार 'वी' वर पडतो आणि ती लांबते. 'विटा' म्हटले की भार पुढच्या 'टा' वर सरकतो आणि 'वि' आखूड होते. सावकाश दोनदा म्हणून पाहा: फूल, फुले. पूल, पुलावर. मराठी शब्दांत इथे कान उपयोगी पडतो.

याच नियमाने क्रियापदेही सुटतात, आणि सूचनांमध्ये क्रियापदेच फार चुकतात. राहील, येईल, होईल, करील यांत शेवटी अकारान्त ल, म्हणून आधीचा ई दीर्घ. 'राहिला', 'राहिले' यांत शेवट दीर्घ, म्हणून हि ऱ्हस्व. करून, जपून, म्हणून, पासून, कडून हे सगळे अकारान्त, म्हणून ऊ दीर्घ. 'वाजल्यापासुन' आणि 'जपुन' तिथे दुरुस्त झाले.

तत्सम शब्द मात्र संस्कृतात जसा लिहितात तसाच मध्ये राहतो. सचिव, गुण, मंदिर, नागरिक, संबंधित, बुध यांत शेवट अकारान्त असूनही इ-उ ऱ्हस्व. पूजा, परीक्षा, क्रीडा यांत शेवट दीर्घ असूनही आधीचा दीर्घच. 'सूचना'मधला सू दीर्घ आहे तोही शब्द तत्सम म्हणून. तत्सम शब्द ओळखायचा कसा, हा प्रश्न सचिवाने विचारला आणि तो योग्यच आहे. जोडाक्षर, ष, क्ष, ऋ असले, शेवटी 'इक' किंवा 'इत' असले, तर शब्द बहुधा तत्सम: सामाजिक, वार्षिक, प्रलंबित, प्रतीक्षा. पण ही खूण पुरती नाही. 'थकीत' दिसतो 'प्रलंबित'सारखा आणि आहे मराठी, म्हणून की दीर्घ. 'सचिव' आणि 'वकील' दोघे सारखेच दिसतात, पण सचिव संस्कृत, वकील अरबीतून आलेला. जिथे शंका येईल तिथे शब्दकोश उघडावा. तसे शब्द एका सूचनेत दोन-तीनच निघतात.

तिसरी पायरी जोडाची. मराठी शब्दाचा उपान्त्य ई-ऊ दीर्घ असेल आणि त्याला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलले, तर तो ऱ्हस्व होतो. वकील, वकिलांना. पोलीस, पोलिसांनी. जमीन, जमिनीवर. वीज, विजेचे. दूध, दुधाचा. तत्सम शब्द इथेही हलत नाही: शरीर, शरीरात, सूत्र, सूत्राने, सूचना, सूचनेत. सचिवांना, वकिलांना हे दोन्ही ऱ्हस्व दिसतात, पण एक मुळातच ऱ्हस्व आहे आणि दुसरा जोडामुळे झाला आहे. 'सचीवांकडे' असे लिहिणाऱ्याने 'वकील'सारखाच 'सचीव' मानला होता.

तीन अक्षरी मराठी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधला इ-उ बहुधा निघूनच जातो; 'पोलीस' त्याला अपवाद. तारीख, पण तारखेपर्यंत. पाऊस, पावसामुळे. माणूस, माणसांना. 'तारिखेला' असे लिहिलेले मी अर्जांत पाहिले आहे. बोलताना आपण कधीच तसे म्हणत नाही, त्यामुळे मोठ्याने वाचले की ही चूक लगेच सापडते. माणसांची नावे मात्र बदलायची नाहीत. प्रदीप असेल तर 'प्रदीपला', 'प्रदीपने'.

'रहिवाश्यानी' या शब्दात दोन चुका आहेत. टिंबाचे वर आले. दुसरी 'श्या'. मूळ शब्द 'रहिवासी'. प्रत्यय लागताना स चा श होतो आणि य राहत नाही: रहिवाशांनी. पैसा, पैशांची. मासा, माशाला. सुटा लिहिताना मात्र 'रहिवाशी' नको, 'रहिवासी'च.

आता शेवटची पायरी, आणि मला सर्वांत आवडणारी, समासाची. तत्सम ऱ्हस्व इकारान्त-उकारान्त शब्द सुटा असला की दीर्घ, हे आपण पाहिले. पण तोच शब्द दुसऱ्या शब्दाला जोडून समासात पहिला आला की तो परत आपल्या मूळ ऱ्हस्व रूपात जातो. यासाठी पुणेकराला शब्दकोशही नको, पेठांची नावे पुरतात. ग्रह रवी, पेठ रविवार. ग्रह शनी, वाडा आणि पेठ शनिवार. ग्रह गुरू, पेठ गुरुवार. तेव्हा सूचनेतला 'गुरूवारी' चुकला, 'गुरुवारी' हवा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे ते बहुधा गुरुवारीच असते, त्यामुळे हा एक शब्द तरी सोसायटीच्या सचिवाला पक्का हवा. रु आणि रू यांत उकार खाली न लागता र च्या पोटात लागतो, म्हणून टंकलेखन झाल्यावर अक्षर मोठे करून पाहावे. रुपये, दुरुस्ती, गुरुवार यांत ऱ्हस्व. रूप, सुरू, गुरू यांत दीर्घ.

याच नियमाने भूमी, भूमिपूजन. बुद्धी, बुद्धिबळ. गुरू, गुरुपौर्णिमा. मंत्री, विद्यार्थी, प्राणी यांचा संस्कृतातला मूळ शब्द मंत्रिन्, विद्यार्थिन्, प्राणिन् असा, समासात शेवटचा न् गळतो आणि ऱ्हस्व इ उरतो: मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय. नदी मात्र संस्कृतातच दीर्घ आहे, म्हणून नदीपात्र, नदीकाठ. पाणी हा मराठी शब्द, त्याला संस्कृतातल्या ऱ्हस्वाकडे परतायचे कारणच नाही, म्हणून पाणीपुरवठा, पाणीपट्टी. 'करण' जोडलेल्या शब्दांत कायम दीर्घ ई: शुद्धीकरण, नूतनीकरण, एकत्रीकरण. पण 'शुद्धिपत्र'.

इथे नवख्याची एक गल्लत होते. 'समितीने', 'समितीसाठी', 'व्यक्तीला', 'निधीतून' यांत जोडलेला आहे तो प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. त्याने समास होत नाही, म्हणून दीर्घ तसाच राहतो. समास व्हायला पुढचा तुकडा स्वतंत्र अर्थाचा शब्द हवा. पुढचा तुकडा एकटा उच्चारून पाहावा. 'ने', 'साठी', 'तून' एकटे उभे राहत नाहीत. 'वार', 'पूजन', 'मंडळ' राहतात. 'समितिसदस्य' मी जोडून आणि ऱ्हस्व लिहिते. तोडून लिहायचे असेल तर शब्द सुटा झाला, मग 'समिती सदस्य'.

एवढे झाल्यावर सचिवाने मजकूर स्वतःच पुन्हा लिहिला. मी मध्ये बोलले नाही. 'थकीत'वर तो थांबला आणि 'दिवसांत'चे टिंब सगळे लिहून झाल्यावर दिले.

"सूचना. सर्व सभासदांना कळविण्यात येते की जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी येत्या गुरुवारी सकाळी ९ वाजल्यापासून पाणीपुरवठा बंद राहील. तरी सर्व रहिवाशांनी पाणी जपून वापरावे. ज्या सभासदांचे देखभाल शुल्क थकीत आहे त्यांनी ते पंधरा दिवसांत सचिवांकडे भरावे."

तपासताना मी त्याला दोन फेऱ्या करायला सांगितल्या. पहिल्या फेरीत फक्त टिंबे पाहायची. वाक्यातला प्रत्येक 'ना', 'नी', 'चे', 'त', 'साठी' बोटाने दाखवायचा आणि विचारायचे, एक की अनेक? दुसऱ्या फेरीत प्रत्येक इ-उ. शेवटी आहे, शेवटून दुसरा आहे की समासाच्या सांध्यावर? दोन्ही प्रश्न एकाच फेरीत विचारले तर टिंब सुटते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. संगणकातला शुद्धलेखन-तपासनीसही 'सभासदाचे' आणि 'दिवसात' यांना हात लावणार नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या दृष्टीने बरोबरच आहेत. एक की अनेक, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

पुढच्या आठवड्यात त्याची दुसरी सूचना फलकावर लागली. वाहनतळाबद्दल होती. 'पाहुण्यांच्या गाड्यांसाठी', 'रविवारी', 'दोन महिन्यांत' सगळे बरोबर. एकच शब्द चुकला होता, 'नियमानूसार'. जाताजाता मी त्याला म्हटले, "'नुसार'मधला नु ऱ्हस्व. शब्द संस्कृत आहे, अनुसार." त्याने खिशातले पेन काढून तिथेच दुरुस्त केले, आणि मग कागदाकडे पाहून विचारले, "काकू, नियम एकच आहे की अनेक?" नियम चार होते. त्याने 'मा'वर टिंब दिले.